टाचणवहीवर सही करण्याआधी

मा. केंद्रप्रमुख आणि विस्तार अधिकारी (शिक्षण) यांस,



पत्रास कारण की, आपण शाळाभेटीला येता, घटक नियोजनाची फाइल आणि टाचणवही मागता, पाने उलटता, तारखा जुळतात का ते पाहता, शेवटच्या पानावर सही करता आणि शेऱ्यात लिहिता, ‘टाचण अद्ययावत आहे.’ आपल्याकडे शाळा खूप, वेळ कमी, त्यात माहित्या भरायच्या त्या वेगळ्याच. हे सगळे मला कळते. तरीही त्या फाइलीत काय असायला हवे आणि आज काय असते, याबद्दल एका प्राथमिक शिक्षिकेचे म्हणणे आपण एकदा सविस्तर ऐकावे, एवढ्यासाठी हे लिहिते आहे. हवेत बोलणे नको म्हणून एकच पाठ घेते : पाचवीच्या गणितातला दशांश अपूर्णांक.

आधी या पाठाचे घटक नियोजन बहुतेक शाळांत कसे तयार होते ते सांगते. जून महिन्यात बाजारातून किंवा व्हॉट्सॲपच्या गटातून तयार फाइल येते. तिच्यात आडवे रकाने असतात : घटक, उपघटक, उद्दिष्ट, स्पष्टीकरण, अध्ययन अनुभव, शैक्षणिक साहित्य, मूल्यमापन, तासिका. उद्दिष्टाखाली ज्ञान, आकलन, उपयोजन, कौशल्य हे चार शब्द उतरतात. स्पष्टीकरणात ‘विद्यार्थी दशांश अपूर्णांकाची संकल्पना समजून घेतो’ असे येते. अध्ययन अनुभवात ‘शिक्षक उदाहरणे फळ्यावर सोडवून दाखवतात, विद्यार्थी वहीत सोडवतात’, आणि मूल्यमापनात ‘स्वाध्याय, तोंडी प्रश्न’. वर अध्ययन निष्पत्तीचा ०५.७१ ने सुरू होणारा एखादा क्रमांक चिकटवला की नियोजन झाले. शाळेचे नाव बदलून हीच फाइल शेजारच्या तालुक्यातही चालते. आपण ती तपासता तेव्हा तिच्यात चूक सापडत नाही, कारण चूक असण्याइतकेही तिच्यात काही नसते.

माझी पहिली तक्रार रकान्यांच्या क्रमाबद्दल आहे. तक्ता डावीकडून उजवीकडे भरायचा असल्यामुळे मूल्यमापन सर्वांत शेवटी येते, आणि तिथे पोचेपर्यंत लिहिणाऱ्याचा हात दुखायला लागलेला असतो. खरे तर पाठाचे नियोजन करताना पहिला प्रश्न हा की, घटक संपल्यावर मुलाने काय करून दाखवले म्हणजे त्याला आले असे मी मानेन? त्याचे उत्तर म्हणजेच चाचणीतला प्रश्न. तो आधी लिहिला की उद्दिष्ट आपोआप नेमके होते, आणि कोणती कृती हवी, कोणती नको, हेही कळते. रॅल्फ टायलर या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाने १९४९ साली उद्दिष्टे, अनुभव, त्यांची रचना आणि मूल्यमापन हे चारही एकमेकांना बांधलेले असावेत असे मांडले. ते आपण डी.एड.ला पाठ केले, पण तक्त्यात मात्र त्यांना वेगवेगळ्या खोल्यांत नेऊन ठेवले.

आता दशांशाकडे येऊ. समजा, घटक चाचणीत ‘मोठी संख्या ओळखा’ या प्रश्नात मी पाच जोड्या दिल्या : २.४५ आणि २.५४, ०.६२ आणि ०.४, ३.१ आणि २.९, ०.८१ आणि ०.३७, ०.७ आणि ०.३५. गाइडमध्ये असतो तसाच हा प्रश्न. आता एका अशा मुलाची कल्पना करा, ज्याला दशांश चिन्हानंतरचे आकडे म्हणजे साधी संख्याच वाटते. पस्तीस सातापेक्षा मोठे, म्हणून ०.३५ हे ०.७ पेक्षा मोठे, असे तो मानतो. या मुलाची पहिल्या चार जोड्यांची उत्तरे बरोबर येतात. चुकते फक्त शेवटची. पाचपैकी चार, म्हणजे ऐंशी टक्के, श्रेणी ब-१. प्रगतिपत्रकावर घरचे लोक सही करतात, मूल सहावीत जाते, आणि तिथे दशांशांचा गुणाकार-भागाकार सुरू झाला की सगळे कोसळते. सहावीच्या शिक्षिका म्हणतात, ‘पाचवीत पाया कच्चा राहिला.’ पाया कच्चा होता हे खरे, पण आमच्या चाचणीला तो पक्का दिसला होता.

पाचपैकी तीन जोड्यांत दोन्ही संख्यांना चिन्हानंतर सारखेच आकडे आहेत. अशा जोड्या चुकीची समजूत असलेले मूलही बरोबर सोडवते, म्हणून त्यांच्यावरून त्याच्या समजुतीबद्दल काहीच कळत नाही. ०.६२ आणि ०.४ मध्ये तर चुकीच्या समजुतीनेच बरोबर उत्तर मिळते. मेलबर्न विद्यापीठातल्या केय स्टेसी आणि विकी स्टाइनल यांनी मुलांकडून अशा जोड्या सोडवून घेऊन नेमका हाच अभ्यास केला. मुलांच्या चुका अंदाधुंद नसतात, त्यांच्यामागे ठरावीक समजुती असतात आणि जोड्या विचारपूर्वक निवडल्या तर त्या वेगळ्या करून पाहता येतात, हे त्यांनी दाखवले. काही समजुती माध्यमिक वर्गांपर्यंत टिकून राहतात हेही त्यांना आढळले.

म्हणून या घटकाचे माझे पहिले पान म्हणजे तीन जोड्यांची एक चिठ्ठी असते : ०.७ आणि ०.३५, ०.६२ आणि ०.४, ०.३ आणि ०.३०. प्रत्येक जोडीपुढे मोठी संख्या लिहायची, आणि समान असतील तर ‘समान’ लिहायचे. ‘जास्त आकडे ती मोठी’ मानणारे मूल पहिली जोडी चुकवते, दुसरी बरोबर सोडवते आणि तिसरीत ०.३० मोठी म्हणते. याच्या बरोबर उलटे मूलही वर्गात असते. शतांश हा दशांशापेक्षा लहान, हे आपण शिकवलेले त्याने ऐकलेले असते, पण अर्धवट. शतांशाचा आकडा दिसला की ती संख्या लहान, असा त्याने नियम केलेला असतो. ते पहिली जोडी बरोबर सोडवते, दुसरी चुकवते आणि तिसरीत ०.३ मोठी म्हणते. ज्याला खरोखर कळले आहे त्याच्या तिन्ही बरोबर येतात. पाव कागदाची ही चिठ्ठी सोडवायला पाच मिनिटे पुरतात. तपासताना गुण द्यायचे नाहीत, फक्त चिठ्ठ्यांचे गट पाडायचे. कोणत्याच गटात न बसणाऱ्या चिठ्ठ्याही निघतात. त्या मुलांना जवळ बोलावून ‘असे का लिहिलेस?’ विचारावे लागते.

हे प्रश्न ठरले की उद्दिष्ट लिहायला वेळ लागत नाही. ‘संकल्पना समजून घेतो’ हे मी डोळ्यांनी पाहू शकत नाही. त्याऐवजी मी लिहिते : ‘मीटरच्या पट्टीवर ०.७ आणि ०.३५ यांच्या जागा दाखवतो व मोठी कोणती ते स्थानिक किमतीच्या आधारे सांगतो.’ दुसरे उद्दिष्ट : ‘चिन्हानंतर आकड्यांची संख्या वेगवेगळी असलेल्या दोन संख्यांची बेरीज-वजाबाकी आधी अंदाज सांगून करतो.’ तिसरे : ‘चिन्ह दिसले तरी कोणती नोंद दशांश अपूर्णांक नाही हे ओळखतो.’ एवढीच तीन. ज्ञान, आकलन, उपयोजन, कौशल्य असे चार कप्पे भरण्यासाठी चौथे उद्दिष्ट ओढूनताणून आणायची गरज मला वाटत नाही. आपल्याला वाटत असेल, तर त्या उद्दिष्टासाठी कोणता प्रश्न विचारू तेही आपणच सांगावे.

आता कृती. पाठात दशांश, शतांश, वाचन-लेखन, स्थानिक किंमत, रुपये-पैसे, मीटर-सेंटिमीटर असे सगळे आहे. पुस्तकात जो क्रम छापला त्याच क्रमाने शिकवायचे, असा समज पक्का आहे, आणि तपासणीतही तारखांसमोर पान क्रमांक पाहिले जातात. पण या पाठात मी रुपये-पैसे मुद्दाम शेवटी ढकलते. त्याला दोन कारणे आहेत. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली. आज पाचवीत असलेल्या मुलाने पैसा हाताळलेलाच नाही, म्हणून शंभर पैशांचा रुपया हा त्याच्या दृष्टीने पुस्तकी नियम आहे. दुसरे कारण जास्त गंभीर आहे. रुपया-पैशात चिन्हाच्या एका बाजूला रुपये, दुसऱ्या बाजूला पैसे, अशा दोन वेगळ्या वस्तू दिसतात. मूल ५.५ रुपये म्हणजे पाच रुपये पाच पैसे असे वाचते. म्हणजे जी समजूत खोडायची, तिलाच पाठाच्या सुरुवातीला खतपाणी मिळते.

त्यापेक्षा लांबी बरी. जुन्या कॅलेंडरच्या कागदाची एक मीटर लांब पट्टी प्रत्येक गटाला द्यायची. तिच्यावर दर दहा सेंटिमीटरवर खूण करून दहा सारखे भाग पाडायचे, पण ‘सेंटिमीटर’ हा शब्द उच्चारायचा नाही. एक भाग म्हणजे मीटरचा एक दशांश, ०.१. मग बाकाची उंची मोजायला सांगायची. ती सात भागांच्या पुढे जाते, पण आठ भरत नाही. ‘सात आणि थोडे’ असे मुले म्हणतात. हे थोडे किती, यावर वाद सुरू झाला की एका भागाचे पुन्हा दहा भाग करायची गरज त्यांनाच पटते. मग शतांश येतो आणि ०.७४ ही संख्या येते. ‘दशांशाचा दहावा भाग म्हणजे शतांश’ हे वाक्य फळ्यावर लिहून द्यायला पाच मिनिटे पुरतात. पट्टीवर दोन तासिका जातात, पण पुढे ०.७ आणि ०.३५ त्याच पट्टीवर शोधायला लावले की तुलनेचा नियम वेगळा सांगावा लागत नाही. ०.३५ ची खूण पट्टीच्या निम्म्याआधीच येते.

याच तासिकांत वाचण्याची एक सवय लावून घ्यावी लागते. दुकानात सगळे ‘झीरो पॉइंट पस्तीस’ म्हणतात आणि मूलही तेच घेऊन येते. वर्गात ‘शून्य दशांश चिन्ह तीन पाच’ असेच म्हणायचे. ‘पस्तीस’ म्हटले की डोक्यात पस्तीसच उभे राहतात.

पट्टीआधी एक तासिका मात्र मागे जावे लागते. ७/१० आणि ७०/१०० हे सारखे अपूर्णांक आहेत, हे ज्या मुलाला अजून पटलेले नाही, त्याला ०.७ आणि ०.७० समान का, ते कोणीही समजावू शकत नाही. अपूर्णांकाचा पाठ आधी ‘झालेला’ असतो, पण झाला म्हणजे आला असे नव्हे. म्हणून घटकाच्या पहिल्या दिवशी सममूल्य अपूर्णांकांचे दोन प्रश्न. निम्म्या वर्गाला ते जमले नाहीत, तर दशांश दुसऱ्या दिवशी सुरू होत नाही. तारीख पुढे जाते. आणि तारीख पुढे गेली की आपण विचारता, ‘टाचणात सोमवार आहे, मग वर्गात अजून हे कसे?’ हा प्रश्न रास्त आहे, पण त्याचे उत्तर त्या दोन प्रश्नांच्या चिठ्ठ्यांत असते. त्या आपण कधी मागितल्या नाहीत.

तुलनेची चिठ्ठी मी घटकाच्या मध्यावर देते, शेवटी नाही. शेवटी दिली तर निदान होते, पण उपचाराला दिवस उरत नाही. दुसऱ्या दिवशीच्या तासिकेला तीन गट बसतात. ‘जास्त आकडे मोठे’वाले पुन्हा पट्टीवर जातात. ‘शतांश दिसला की लहान’वाल्यांना पट्टी पुरत नाही, त्यांच्यासाठी स्थानिक किमतीचा तक्ता आणि दोन्ही संख्या शतांशात लिहिण्याचे काम : ०.४ म्हणजे चाळीस शतांश, ०.६२ म्हणजे बासष्ट शतांश. ज्यांचे बरोबर आले त्यांच्याकडे फळ्यावरचे एक वाक्य जाते : ‘एक मुलगा म्हणतो, ०.०८ ही ०.२ पेक्षा मोठी, कारण आठ दोनापेक्षा मोठे. त्याला काय सांगाल?’ त्यांनी लिहिलेले उत्तर हेच त्यांचे आकारिक मूल्यमापन. वेगळा तक्ता लागत नाही.

बेरजेतही चुकीचे उत्तर खूप काही सांगून जाते. ३.८ + २.४५ हे उदाहरण घ्या. बरोबर उत्तर ६.२५. काही मुले ५.५३ लिहितात : तीन आणि दोन पाच, आठ आणि पंचेचाळीस त्रेपन्न. ही पुन्हा तीच, दोन बाजू वेगळ्या मानणारी समजूत. काही मुले २.८३ लिहितात. त्यांनी पूर्ण संख्यांच्या सवयीने उजवीकडचे आकडे एकाखाली एक मांडले, अडतीस आणि दोनशे पंचेचाळीस मिळवले आणि चिन्ह टाकले. पहिल्या मुलाला स्थानिक किंमत पुन्हा शिकवावी लागते. दुसऱ्याला बहुधा चिन्हाखाली चिन्ह मांडायची सवय पुरते, आणि तीही अंदाजातून लावता येते : ३.८ म्हणजे जवळपास चार, त्यात दोनाहून जास्त मिळवायचे, मग उत्तर दोनाच्या घरात कसे येईल? दोघांच्या वहीत लाल शाईने सारखीच फुली मारली तर दोघांचा आजार एकच समजला जातो.

तिसऱ्या उद्दिष्टाची तासिका मुलांना सर्वांत आवडते. क्रिकेटच्या धावफलकावर ४.३ षटके म्हणजे चार षटके आणि तीन चेंडू. ४.५ नंतर एक चेंडू टाकला की ५ होते, ४.६ होत नाही. मग हा दशांश अपूर्णांक आहे का? वर्गात पाच मिनिटे आरडाओरडा होतो आणि शेवटी कोणीतरी म्हणते, ‘बाई, इथे सहा चेंडूंचे षटक आहे, दहाचे नाही.’ घड्याळातल्या ५.३० चेही तसेच. मग किराणा दुकानातल्या वजनकाट्यावरचे ०.७५० घ्यायचे. मुलांना पाऊण किलो ठाऊक असते, म्हणून शेवटचे शून्य काढले तरी पाऊणच राहते हे पटते. रुपये-पैसे मी इथे आणते. आता ५.५ वाचताना गोंधळ उडत नाही, कारण चिन्हाचा अर्थ आधी ठरलेला असतो.

या सगळ्याला दहा-अकरा तासिका लागतात. त्यातली एक शेवटच्या चाचणीनंतर राखून ठेवलेली असते, आणि तिच्यासमोर टाचणात मी काहीच लिहीत नाही, कारण तिथे काय करायचे हे चाचणी ठरवणार. तपासणीत नेमक्या याच रिकाम्या ओळीवर लाल वर्तुळ येते.

२० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. पाचवीत आकारिक आणि संकलित यांना निम्मे निम्मे वजन दिले गेले. हेतू चांगला होता. निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, छोटी चाचणी, स्वाध्याय असे मार्ग शिक्षकाला मोकळे झाले. पण तपासणीत प्रत्येक घटकासमोर जवळजवळ प्रत्येक साधनतंत्राची नोंद आहे का, हे पाहिले जाऊ लागले, तेव्हा आम्हीही नोंदी करायला शिकलो. दशांशासाठी प्रकल्प म्हणून ‘दशांश चिन्ह असलेल्या जाहिराती गोळा करा’ असे लिहिले जाते. मुले जाहिराती चिकटवतात, वही फुगते. त्यातून ०.७ आणि ०.३५ बद्दल काय कळले, हे कोणी विचारत नाही. या घटकासाठी चिठ्ठी, पट्टीवरचे प्रात्यक्षिक आणि लेखी चाचणी एवढे पुरे. दुसऱ्या घटकाला प्रकल्प शोभेल, तिथे तो घेऊ.

माझ्या विनंत्या आता मांडते. शाळाभेटीत आपण एका शिक्षकाचे एकच घटक नियोजन निवडावे आणि पहिल्यांदा विचारावे, ‘या घटकाच्या शेवटी कोणता प्रश्न विचारणार? दाखवा.’ तो आधी पाहून मग उद्दिष्टे वाचावीत. एखादे उद्दिष्ट कोणत्याच प्रश्नात दिसत नसेल तर ते खोडायला सांगावे. त्यानंतर मागच्या घटकाच्या चिठ्ठ्या किंवा उत्तरपत्रिका मागाव्यात आणि त्या पाहून दुसऱ्या दिवशी शिकवण्यात काय बदल केला, ते विचारावे. टाचणात पेनाने खोडलेले, बाण ओढून बदललेले दिसले तर त्याला अस्वच्छता समजू नये. एवढ्या दोन-तीन प्रश्नांना वीस मिनिटे लागतील. सगळ्या वह्यांवर सह्या करायलाही साधारण तेवढाच वेळ लागतो.

वर्षभराची सगळी घटक नियोजने जूनमध्ये मागू नयेत. जूनमध्ये मला मुलेच माहीत नसतात. तेव्हा लिहिलेले नियोजन नक्कलच असणार. वार्षिक नियोजनात घटक आणि महिने असावेत, पण घटक नियोजन घटक सुरू होण्याआधी आठवडाभर लिहिलेले चालेल, असे आपण केंद्राच्या शिक्षण परिषदेत जाहीर करावे. आणि द्विशिक्षकी शाळांना थोडी सूट द्यावी. चौथी-पाचवी एका खोलीत बसवणाऱ्या शिक्षकाला तीन गट पाडणे जमेलच असे नाही. त्याने फक्त पहिले दोन गट वेगळे केले आणि चौथीला तेवढा वेळ स्वयंअध्ययन दिले, तरी ते मान्य करावे.

एक तक्रार शिक्षण परिषदेबद्दलही आहे, तीही सांगून टाकते. परिषदेत आम्हाला अध्ययन निष्पत्तीचे पीपीटी दाखवले जाते. त्याऐवजी एकदा प्रत्येक शिक्षकाने आपल्या वर्गातल्या दहा चिठ्ठ्या आणाव्यात, नावे झाकून, आणि आम्ही एकत्र बसून त्यांचे गट पाडावेत. दशांशाच्या घटकाच्या वेळी हे करता आले तर उत्तम. चिठ्ठ्यांचे प्रश्न मी वर दिलेच आहेत. जागेची अडचण असेल तर आमच्या शाळेत सोय होईल, बाकही पुरतील.



आपली विश्वासू,
पाचवीची एक वर्गशिक्षिका